लिमिट अनंत आली तर ती 'आहे' म्हणायची की 'नाही'?

केतकी_परत_अभ्यासात

बऱ्याच वर्षांनी गणित पुन्हा हातात घेतलंय, एका प्रवेश परीक्षेसाठी. परवा सराव पेपरात एक प्रश्न होता: x शून्याकडे जाताना 1/x² ची लिमिट काय? पर्याय चार: 0, 1, ∞ आणि 'अस्तित्वात नाही'. मी ∞ वर खूण केली. उत्तरतालिका म्हणते, 'अस्तित्वात नाही'. माझ्याकडच्या दुसऱ्या पुस्तकात हेच उदाहरण सोडवून दाखवलंय आणि शेवटी चक्क = ∞ लिहिलंय.

माझा गोंधळ एका गुणाचा नाही. आम्हाला शिकवलं होतं की डावीकडची आणि उजवीकडची लिमिट सारखी आली की लिमिट अस्तित्वात असते. 1/x² ला दोन्हीकडून ∞ येतं. म्हणजे सारखी आली. मग नाही का म्हणायचं? आणि खरंच नसेल, तर sin(1/x) ची लिमिट नाही आणि 1/x² चीही नाही, ही दोन 'नाही' एकच आहेत का? आलेख बघितले तर दोघांत काही म्हणजे काही साम्य दिसत नाही.

सरळरेषा

उत्तरतालिका चुकली आहे. नियम साधा आहे: डावी = उजवी, तर लिमिट आहे. 1/x² ला दोन्ही बाजूंनी +∞, म्हणून लिमिट आहे आणि ती ∞ आहे. 1/x ला डावीकडून −∞ आणि उजवीकडून +∞, म्हणून तिथे नाही. तुमचं उत्तर बरोबर होतं.

माळरान

इतकं काय अवघड आहे त्यात? अनंताची लिमिट असतेच की. 1/x घ्या, x अनंताकडे गेला की लिमिट 0. (2x+1)/x घ्या, 2 येते. आडवी रेषा असते ना आलेखाला, तिला टेकत जातो. अस्तित्वात नाही म्हणणाऱ्याने आलेख काढून पाहावा.

केतकी_परत_अभ्यासात

@माळरान, तुमची दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत, पण तिथे x अनंताकडे जातोय आणि उत्तर साधी संख्या येतेय. माझा प्रश्न उलटा आहे. x एका साध्या संख्येकडे जातोय आणि उत्तराच्या जागी अनंत येतंय.

माळरान

अच्छा, उत्तराच्या जागी. मग मी वाचतो फक्त.

काठावरचा_बिंदू

मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय आणि दर वर्षी हाच प्रश्न कोणीतरी विचारतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"लिमिट 5 आहे" हे वाक्य काय सांगतं? 5 नावाची एक संख्या आहे आणि फलनाच्या किमती तिच्या हव्या तितक्या जवळ जातात. कोणी म्हणालं 0.01 इतक्या अंतरात आण, आपण आणू शकतो. कोणी म्हणालं 0.0001 इतक्या, तरी आणू शकतो. त्या वाक्यात 'जवळ' हा शब्द आहे, आणि जवळ असण्यासाठी समोर संख्या लागते.

आता 1/x². ∞ पासून 0.01 अंतरावर या, असं म्हणता येत नाही. एक कोटी ही संख्या ∞ च्या जवळ नाही आणि एक अब्जही नाही. दोघींपासूनही ∞ सारखंच लांब. म्हणून इथे वाक्यच बदलावं लागतं: तुम्ही कोणतीही मोठी संख्या सांगा, शून्याजवळ एवढी जागा मी दाखवतो की तिथे प्रत्येक ठिकाणी किंमत तुमच्या संख्येच्या वर असेल. तुम्ही 10,000 म्हणालात तर मी म्हणेन, x शून्यापासून 1/100 पेक्षा जवळ ठेवा (शून्य सोडून). दहा लाख म्हणालात तर 1/1000. नियम कायमचा ठरला: M दिलात तर अंतर 1/√M.

हे दुसरं वाक्य आपण थोडक्यात `lim = ∞` असं लिहितो. त्यातलं बरोबरचं चिन्ह '5 आहे' मधल्या बरोबरच्या चिन्हासारखं दिसतं, पण त्याच्या उजवीकडे संख्या नाही. एका लांब वाक्याची ती लघुलिपी आहे. तुमच्या पुस्तकाने ही लघुलिपी वापरली. उत्तरतालिकेने 'अस्तित्वात आहे' या शब्दांचा नेहमीचा अर्थ धरला: लिमिट ही वास्तव संख्या असली पाहिजे. ती नाही, म्हणून 'अस्तित्वात नाही'. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक प्रश्न काढणाऱ्याची आहे. एकमेकांना न काटणारे दोन पर्याय त्याने शेजारी ठेवले आणि एकच निवडा म्हणाला.

राहिला डावी-उजवीचा नियम. तो पूर्ण असा आहे: दोन्ही बाजूंच्या लिमिट अस्तित्वात असतील *आणि* सारख्या असतील, तर लिमिट अस्तित्वात असते. बोलताना पहिला अर्धा भाग गळून पडतो.

सरळरेषा

म्हणजे सगळा शब्दांचाच खेळ झाला. 'अस्तित्वात' म्हणजे काय ते आपण ठरवणार. मग ∞ लाही यादीत घ्या ना. वास्तव संख्या, +∞ आणि −∞. यापैकी काहीही आलं की लिमिट आहे. विद्यार्थ्यांचा त्रास संपेल. कशाला मुद्दाम बाहेर ठेवायचं?

काठावरचा_बिंदू

घेता येतं, आणि घेतातही. वास्तव संख्यांच्या दोन टोकांना +∞ आणि −∞ जोडलेली रेषा हे गणितात रोजच्या वापरातलं साधन आहे. पण ती घेतल्यावर काय सुटतं ते बघा.

आपण न बोलता एक गोष्ट सतत वापरतो: f ची लिमिट आहे आणि f+g चीही आहे, तर g ची असलीच पाहिजे. कारण g म्हणजे (f+g) − f, आणि दोन लिमिटची वजाबाकी करता येते. सिद्धता एका ओळीची.

आता तुमच्या नव्या यादीप्रमाणे x शून्याकडे नेऊ आणि घेऊ

```
f(x) = 1/x²
g(x) = sin(1/x)
```

f ची लिमिट +∞. तुमच्या मते 'आहे'. f+g चं काय? sin कधी −1 च्या खाली जात नाही, म्हणून f+g नेहमी 1/x² − 1 इतकं तरी असतं. तेही +∞ कडेच जातं. म्हणजे तीही 'आहे'. मग g ची असायला हवी. पण sin(1/x) शून्याजवळ −1 आणि 1 यांच्यामध्ये अखंड हेलकावे खात राहतं आणि कुठेच ठरत नाही. तिची लिमिट कोणत्याही यादीत बसत नाही.

सिद्धतेची ती एक ओळ कुठे मोडली? शेवटच्या वजाबाकीत. ∞ − ∞ ला अर्थ नाही. वास्तव संख्यांत कोणत्याही दोन संख्यांची वजाबाकी होते, म्हणून तिथे हा प्रमेय बिनधास्त चालतो. ∞ आत घेतलं की प्रत्येक पायरीवर थांबून विचारावं लागतं, इथे ∞ − ∞ तर होत नाही ना, 0 × ∞ तर नाही ना. पुस्तकात "समजा लिमिट अस्तित्वात आहे" असं लिहिलेलं असतं तेव्हा लेखक तुम्हाला सांगत असतो की पुढे बेरीज, वजाबाकी, गुणाकार न विचारता करा. 1/x² ला आपण 'नाही' म्हणतो ते या परवानगीपुरतं.

केतकी_परत_अभ्यासात

हे मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं (रेडियनमध्ये). x = 0.02 ला f+g येतं 2499.738. x = 0.01 ला 9999.494. x = 0.001 ला 1000000.827. बेरीज खरंच वर पळतेय, sin चा त्यात मागमूस राहत नाही. पण प्रत्येक ठिकाणी f वजा केलं की −0.262, −0.506, 0.827 असं पुन्हा हाती येतं. मोठ्या आकड्यांनी ते पुसलं नव्हतं, फक्त झाकलं होतं.

म्हणजे 'अनंत' म्हटल्यावर एवढंच कळतं की सगळं वर गेलं. किती फरकाने गेलं याची माहिती त्यात राहत नाही. बरोबर समजले का मी?

काठावरचा_बिंदू

अगदी बरोबर समजलात. f, f+g, f+100 या तिघांचंही उत्तर ∞ हेच, म्हणून त्या उत्तरांवरून मागे येऊन g शोधता येत नाही.

पोथीवाला

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच हे लिहून ठेवलंय. शून्याने भागलेल्या राशीला ते 'खहर' म्हणतात, आणि तिच्यात काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी तिच्यात विकार होत नाही असं सांगतात. 100 मिळवूनही ∞ तसंच राहतं, हेच ते.

काठावरचा_बिंदू

@पोथीवाला, मिळवण्या-काढण्याबद्दलचं ते निरीक्षण इथे चपखल बसतं, धन्यवाद. एक फरक मात्र लक्षात ठेवू. खहर म्हणजे शून्याने भागून *मिळालेली* राशी. लिमिटमध्ये आपण शून्याने कधीच भागत नाही, शून्यावर पायही ठेवत नाही. फक्त आजूबाजूला फिरतो. 1/x आणि 1/x² या दोघांतही x = 0 ठेवलं तर सारखंच 1/0 दिसेल. दोघांच्या वागण्यातला फरक आजूबाजूला फिरल्यावरच दिसतो.

झेड_प्रतल

मला इथे वेगळीच अडचण आली. सगळे म्हणतात 1/x ची शून्यापाशी लिमिट नाही. मी SymPy ला विचारलं:

```
>>> limit(1/x, x, 0)
oo
```

oo म्हणजे अनंत. म्हणजे लिमिट आहे? इतकं जुनं आणि वापरातलं सॉफ्टवेअर असं चुकेल यावर विश्वास बसत नाही.

विदावेडी

ते चुकत नाहीये, तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतंय. दिशा सांगितली नाही तर SymPy आपणहून उजवीकडची बाजू धरतं. दोन्ही बाजू हव्या असतील तर तसं सांगावं लागतं:

```
>>> limit(1/x, x, 0, '-')
-oo
>>> limit(1/x, x, 0, '+-')
```

शेवटच्या ओळीला ते zoo देतं, म्हणजे दिशा नसलेलं सम्मिश्र अनंत. डावीकडून −oo आणि उजवीकडून oo येतं, म्हणून वास्तव रेषेवर लिमिट नाही. 1/x² ला '+-' दिलंत तर मात्र मुकाट्याने oo. आणि `limit(sin(1/x), x, 0)` करून पाहा, `AccumBounds(-1, 1)` येईल. म्हणजे किमती −1 ते 1 या पट्ट्यात घुटमळत राहतात. या चर्चेतली तिन्ही वागणुकीची फलनं इथे तीन वेगळी उत्तरं देतात. मला हे फार आवडतं.

झेड_प्रतल

दिशेचं लक्षातच आलं नव्हतं. आता माझी दोन जुनी गणितं पुन्हा तपासावी लागणार, तिथे मी एकाच बाजूचं उत्तर दोन्ही बाजूंचं म्हणून वापरलंय.

सरळरेषा

मी माझं म्हणणं जरा सुधारतो. दोन वर्ग करू या. एक, किमती हाताबाहेर मोठ्या होतात: तिथे ∞. दोन, किमती मर्यादेत राहून हेलकावे खातात: तिथे 'नाही'. उदाहरणार्थ (1/x)·sin(1/x). शून्याजवळ हे हवं तितकं मोठं होतं. त्याचा मोड घेतला की धन-ऋणाचा प्रश्नही मिटतो. म्हणून |(1/x)·sin(1/x)| ची लिमिट ∞.

काठावरचा_बिंदू

नाही, आणि या विषयातली सगळ्यात जास्त होणारी चूक हीच आहे. बरं झालं तुम्ही लिहिलीत.

'हवं तितकं मोठं होतं' आणि 'हवं तितकं मोठं होऊन *तिथेच राहतं*' यांत फरक आहे. तुमचंच फलन घेऊ. x = 1/(1000π) ठेवा, म्हणजे साधारण 0.00031831. इथे sin(1000π) शून्य, म्हणून फलनाची किंमत 0. आता किंचित आत सरका: 1/x = 1000π + π/2 होईल असा x घ्या, साधारण 0.00031815. इथे sin ची किंमत 1, म्हणून फलन 3143 च्या पुढे. दशांशाच्या सातव्या स्थानावर फरक, आणि किंमत शून्यावरून तीन हजारांवर. अजून आत गेलात तर पुन्हा शून्य, पुन्हा त्याहून उंच शिखर, पुन्हा शून्य. शिखरं वाढतच जातात, पण दऱ्या कधी भरत नाहीत.

तुम्ही मला म्हणालात की 10 च्या वर ठेवून दाखव. मी शून्याभोवती कितीही बारीक जागा निवडली तरी तिच्यात 1/(nπ) रूपाचे बिंदू असणारच, आणि तिथे किंमत 0. म्हणजे मी साध्या 10 लाही हरलो. लिमिट ∞ नाही. सांत संख्याही नाही, कारण शिखरं सुटतात. ती नाहीच, कोणत्याही अर्थाने.

तपासायची रीत हीच. ∞ असा संशय आला की खालून आधार देणारं काही सापडतं का ते बघा. 1/x² + sin(1/x) ला 1/x² − 1 चा आधार होता आणि तो स्वतः वर जात होता. इथे मोड घेतल्यावर खालचा आधार शून्याचा, आणि तो हलत नाही.

सरळरेषा

मान्य. मी 'अमर्याद' आणि 'अनंताकडे' हे एकच धरत होतो.

नीरजा_म

मला लोपितालच्या नियमाने इथेच फसवलं होतं, म्हणून लिहिते. परीक्षेत (x + sin x)/x होतं, x → ∞. अंश-छेदाचं अवकलन केलं, (1 + cos x)/1 आलं. ते हेलकावे खातं, लिमिट नाही. मी उत्तर लिहिलं 'अस्तित्वात नाही' आणि सगळे गुण गेले. खरं उत्तर 1 आहे, कारण sin x / x शून्याकडे जातं. दुसऱ्या गणितात eˣ/x होतं, अवकलनानंतर eˣ, ते ∞. तिथे ∞ लिहिलं तर पूर्ण गुण! ∞ ला जर 'अस्तित्वात नाही' म्हणायचं, तर एकदा चाललं आणि एकदा चाललं नाही असं का?

काठावरचा_बिंदू

कारण त्या नियमाच्या अटीतच असतं: अवकलजांच्या भागाकाराची लिमिट सांत असो *किंवा ±∞ असो*, मूळ भागाकाराची तीच येते. ∞ ला तिथे मुद्दाम नाव घेऊन आत घेतलंय, कारण त्या सिद्धतेत ∞ − ∞ कुठे करावं लागत नाही. अवकलजांचा भागाकार हेलकावे खात असेल तर मात्र नियम काहीच बोलत नाही. लिमिट नाही असंही तो म्हणत नाही. तुमच्या पहिल्या गणितात नियम गप्प बसला होता, आणि तुम्ही त्याच्या गप्प बसण्याला उत्तर समजलात.

केतकी, तुमच्या 'दोन नाही एकच का' या प्रश्नाचं उत्तर मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. ∞ आलं तर त्यावरून पुढे निष्कर्ष काढता येतो. हेलकावे आले तर दुसरा मार्ग शोधावा लागतो.

विदावेडी

माझ्या क्षेत्रातलं सांगते, तिथे रीत याच्या बरीच उलट आहे. मी संख्याशास्त्रात काम करते.

एक खेळ घ्या. छापा येईपर्यंत नाणं उडवायचं. पहिल्याच फेकीला छापा आला तर 2 मिळतील, दुसऱ्या फेकीला 4, तिसऱ्या फेकीला 8, असं दुप्पट. सरासरी मिळकत किती? 2 × 1/2 = 1, 4 × 1/4 = 1, 8 × 1/8 = 1, बेरीज 1+1+1+… आम्ही सरळ म्हणतो, अपेक्षित किंमत ∞ *आहे*. ऋण पद एकही नाही, बेरीज फक्त वर जाऊ शकते, शंकेला जागा नाही.

आणि कोशी वितरण घ्या, 1/(π(1+x²)) घनता असलेलं. आलेख शून्याभोवती अगदी सममित, बघणारा म्हणेल सरासरी 0. पण उजव्या अर्ध्या भागाची बेरीज +∞ आणि डाव्या अर्ध्या भागाची −∞. एकत्र केलं की ∞ − ∞. इथे आम्ही म्हणतो, अपेक्षित किंमत अस्तित्वात *नाही*. हे फक्त कागदावर नसतं. कोशी वितरणातून नमुने घेऊन त्यांची सरासरी काढत गेलात तर हजार नमुन्यांची सरासरीही एका नमुन्याइतकीच विखुरलेली असते. ती कधी बसत नाही. नाण्याच्या खेळात सरासरी धक्के खात का होईना, कोणतीही पातळी ओलांडून वर निघून जाते.

आमच्या भाषेत या दोघांना एकाच 'अस्तित्वात नाही' मध्ये घातलं तर फार महत्त्वाची माहिती हरवेल.

केतकी_परत_अभ्यासात

पण मग तुमच्याकडे ∞ घेऊनही काठावरचा_बिंदू यांनी दाखवलेला घोटाळा होत नाही का?

विदावेडी

होतो ना, म्हणून आमचे प्रमेयही दोन प्रकारचे असतात. ऋण किमती नसतील तर ∞ ला खुशाल आत घेऊन बेरीज करतो. वजाबाकी आली की आधी 'अपेक्षित किंमत सांत आहे' अशी अट लिहितो. शब्द ढिला ठेवला की अट कडक लिहावी लागते. तुमच्या पुस्तकात शब्द कडक आहे, म्हणून अट लिहायची गरज पडत नाही.

झेड_प्रतल

एक विचारू का? आमच्याकडे सम्मिश्र संख्यांच्या प्रतलाला एकच अनंत जोडतात. सगळ्या दिशा त्याच एका बिंदूला मिळतात. त्यात 1/z ची शून्यापाशी लिमिट ∞ असते, आणि आम्ही ती आहे असंच म्हणतो. वास्तव रेषेलाही दोन्ही टोकं एकाच ∞ ला बांधली तर 1/x ची लिमिटही अस्तित्वात आली की. मग '+-' ला SymPy ने दिलेलं zoo हेच उत्तर का धरू नये?

काठावरचा_बिंदू

बांधता येतात, रेषेचं वर्तुळ होतं. तिथे 1/x ला लिमिट मिळते, हे तुमचं बरोबर. पण त्या वर्तुळावर ∞ हे 5 पेक्षा मोठं की लहान, हा प्रश्न विचारता येत नाही. दोन्ही बाजूंनी तेच येतं. अभ्यासक्रमात 'पेक्षा मोठं' पदोपदी लागतं, म्हणून तिथे दोन अनंत वेगळे ठेवतात. sin(1/x) ला मात्र वर्तुळावर नेऊनही लिमिट मिळत नाही. (1/x)·sin(1/x) लाही नाही, कारण शून्यावरच्या दऱ्या तिथेही शून्यावरच राहतात.

सरळरेषा

म्हणजे 1/x² ला दोन अनंतांच्या रेषेवरही लिमिट आहे आणि वर्तुळावरही. 1/x ला फक्त वर्तुळावर. sin(1/x) ला कुठेच नाही. मी तरीही म्हणेन की शाळेतच 'सांत लिमिट आहे', 'अनंत लिमिट आहे' आणि 'लिमिट नाही' असे तीन शब्दप्रयोग शिकवावेत. 'अस्तित्वात' हा शब्द एकटा सोडू नये.

काठावरचा_बिंदू

तीन शब्दप्रयोगांना माझी हरकत नाही. मी स्वतः वर्गात 'सांत' हा शब्द मुद्दाम उच्चारतो. पण प्रमेयांच्या विधानात 'अस्तित्वात' म्हणजे सांत हीच रूढी बहुतेक प्राथमिक पुस्तकांत आहे. तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात त्या लेखकाने काय ठरवलंय ते वाचून घ्यावं, असं माझं मत.

सरळरेषा

पहिलं प्रकरण कोण वाचतं हो, सराव पेपर सोडवताना? इथे आपलं जमणार नाही.

केतकी_परत_अभ्यासात

मी लेखी उत्तरात आता असं लिहिणार आहे: "लिमिट +∞ आहे, म्हणजे सांत लिमिट अस्तित्वात नाही." 1/x ला दोन्ही बाजू वेगळ्या लिहून "म्हणून नाही". पर्यायी प्रश्नात ∞ आणि 'अस्तित्वात नाही' दोन्ही दिसले, तर त्याच पेपराच्या जुन्या उत्तरतालिका काय धरतात ते आधी बघून जाईन. दुसरा उपाय दिसत नाही.

आणि एक प्रश्न काल रात्रीपासून डोक्यात आहे. सरळरेषा यांच्या फलनातला sin छेदात नेऊन वर्ग केला: 1/(x²·sin²(1/x)). sin² कधी 1 च्या वर जात नाही, म्हणून हे नेहमी 1/x² इतकं किंवा त्याहून मोठं. खालून आधार आहे आणि तो वर जातोय. म्हणजे लिमिट ∞. पण 1/(nπ) या बिंदूंवर छेद शून्य होतो आणि फलनाला किंमतच नाही. ते बिंदू तर शून्याच्या कितीही जवळ आहेत. मग ∞ म्हणायचं का?

काठावरचा_बिंदू

छान प्रश्न काढलात. काही पुस्तकं म्हणतात की शून्य सोडून आसपास *सगळीकडे* फलन दिलेलं असलंच पाहिजे. त्यांच्या मते लिमिटचा प्रश्नच विचारता येत नाही. काही म्हणतात, जिथे फलन दिलंय तेवढेच x बघा. त्यांच्या मते ∞. दोन्ही व्याख्या वापरात आहेत. मी दुसरी वापरतो.

झेड_प्रतल

वर्तुळावर त्या बिंदूंवर सरळ ∞ ही किंमतच देऊन टाकता येईल. मग सगळीकडे फलन आहे, आणि लिमिटही ∞.

सरळरेषा

मी पहिल्या व्याख्येच्या बाजूने. ज्या रस्त्यावर जागोजागी खड्डे आहेत त्यावरून शून्यापर्यंत पोचलो असं मी म्हणणार नाही. उद्या सविस्तर लिहितो.